पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला द्यावा, ही विनंती

लातूर, दि. १९ एप्रिल २०२५

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

९ फेब्रुवारीला आम्हाला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सध्या अहमदपूरला, माझ्या सासुरवाडीत आहेत. अक्षय तृतीयेला, म्हणजे ३० तारखेला, त्यांना घरी आणायचं ठरलंय. त्याआधी तुमच्याशी बोलायचं होतं. पैशाचा विषय आहे, फोनवर नीट मांडता येत नाही, म्हणून लिहितोय.

१०१ मधल्या बँकेतल्या सरांची बदली झालीय. महिनाअखेर फ्लॅट सोडतोय, असं त्यांनीच मला सांगितलं. तो टू बीएचके आम्हाला द्यावा.

४०२ मध्ये आम्हा दोघांचं तीन वर्षं छान चाललं. पण वर थेट स्लॅब आहे. या दिवसांत रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी गरम लागते. बेडरूममध्ये कूलर ठेवला की दारही पूर्ण उघडत नाही, मग पाळण्याला जागा कुठली? बाळाचं बघायला आई गावाकडून येणार आहे. तिचे गुडघे दुखतात आणि आपल्याकडे लिफ्ट नाही. चार जिने चढून एकदा वर आली की ती महिना महिना खाली उतरायची नाही. तिला कोंडून ठेवल्यासारखं होईल, हे मला फार लागतं. मे महिन्यात बाळाचा चौदा आठवड्यांचा डोस आहे, तेव्हाही भर उन्हात तेच जिने.

सर १०,५०० भाडं देत होते, तेवढंच मी देईन. कमी करा म्हणणार नाही. अडचण फक्त डिपॉझिटची आहे. माझे २०,००० तुमच्याकडे आहेत, तिथले ३०,००० आहेत. सिझेरियन झाल्यामुळे हात आखडलाय. वरचे १०,००० मे आणि जूनमध्ये पाच-पाच करून दिले तर चालतील का?

आपल्या करारात ४०२ लिहिलंय, त्यामुळे नुसतं सामान हलवून भागणार नाही. १०१ चा नवा अकरा महिन्यांचा करार करून त्याची नोंदणी करू. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती लागतेच, आणि तुम्हालाही निर्धास्त राहता येईल. स्टॅम्प आणि नोंदणीचा खर्च माझा. पोलिसांकडची भाडेकरूची माहितीही मीच भरतो.

४०२ मधली किचनची तेलकट भिंत रंगवून देतो आणि लाइटचं बिल त्या दिवसापर्यंतचं भरतो. माझ्या ऑफिसातला एकजण, नुकतंच लग्न झालेला, खोली शोधतोय. तुमची हरकत नसेल तर त्याला दाखवतो, म्हणजे फ्लॅट रिकामा पडणार नाही.

तुमचं नाही आलं तरी राग नाही, आम्ही वरच काहीतरी सोय करू. फक्त २५ तारखेपर्यंत कळवा, म्हणजे सासऱ्यांना गाडीचं सांगता येईल. उद्या रविवार आहे, म्हणालात तर उदगीरला येऊन भेटतो. काकूंना नमस्कार.

आपला,
संतोष
फ्लॅट नं. ४०२