सेशन चार्टर आणि नोंदी: गोदाम डिस्पॅच डॅशबोर्ड

चार्टर: नव्या डॅशबोर्डवरचे आकडे गोदामाच्या गेट रजिस्टरशी ताडून बघायचे. तारखेचा फिल्टर, बेरजा आणि एक्स्पोर्ट या वाटेत आकडा कुठे बदलतो ते शोधायचं.

महापे ऑफिस, मंगळवार १० जून २०२५, १०:३० ते १२:१५. ठरवलेली ९० मिनिटं, लागली १०५. टेस्टर मी एकटीच. स्टेजिंग बिल्ड, डेटा मेअखेरपर्यंत. लॉगिन तीन: अ‍ॅडमिन, तुर्भे सुपरवायझर, भिवंडी सुपरवायझर. लोड, मोबाइल आणि रंगसंगती आज नाही.

ताळा कशाशी घ्यायचा? डेव्हलपर म्हणतात, आकडे डेटाबेसशी जुळतात. जुळणारच, स्क्रीन तिथूनच वाचते. म्हणून तुर्भे गेटवरच्या वॉचमनकाकांच्या रजिस्टरचे फोटो मागवले, १ आणि २ एप्रिलच्या पानांचे. १ एप्रिल मुद्दाम, कारण त्या दिवशी आर्थिक वर्ष बदलतं.

नोंदी

१०:३० लॉगिन, फोटो उतरवून घेणं. एका पानावर चहाचा डाग, दोन नोंदी वाचायला काकांना फोन करावा लागला. १५ मिनिटं यातच गेली.

१०:४५ तुर्भे, १ एप्रिल. रजिस्टरमध्ये २१४ गाड्या, स्क्रीनवर २०९. पाचच कमी. एखाद-दोन नोंदी राहिल्या असतील म्हणून पुढे जाणार होते, पण पहिल्या पानावरची ००:४० ची MH 43 ची गाडी शोधली तर १ एप्रिलला सापडेना. ३१ मार्चला सापडली.

१०:५५ CSV उघडली. त्याच गाडीची वेळ `2025-03-31T19:10:00Z`. म्हणजे साठवण UTC मध्ये, आणि दिवसही UTC चाच धरलाय. आपण साडेपाच तास पुढे. खात्रीसाठी:

```sql
SELECT COUNT(*) FROM dispatch
WHERE godown = 'TRB'
  AND dispatched_at >= '2025-03-31 18:30:00'
  AND dispatched_at <  '2025-04-01 18:30:00';
```

उत्तर 214. रजिस्टर बरोबर, स्क्रीन चूक. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या २१ गाड्या आदल्या दिवशी गेल्या आणि २ एप्रिलच्या पहाटेच्या १६ इकडे आल्या. फरक ५ चा दिसतो, पण चुकीच्या दिवशी पडल्या ३७. दिवसा गाड्या सुटणाऱ्या गोदामात हे कधी कळलंच नसतं. तुर्भ्याला रात्रीही माल निघतो.

११:२५ वेळेवर पोहोचण्याचं प्रमाण. मे महिन्याचा एक आठवडा: तुर्भे ४०० फेऱ्या, ९५%, भिवंडी १०० फेऱ्या, ७०%. कार्डवर ८२.५%. ही टक्क्यांची सरासरी झाली. फेऱ्या मोजल्या तर ५०० पैकी ४५० वेळेवर, म्हणजे ९०%. मॅनेजरसाहेब सोमवारच्या मीटिंगला हाच आकडा वाचणार आहेत, हे लक्षात ठेवा.

११:४० तुर्भे सुपरवायझर म्हणून आत. ड्रॉपडाउनमध्ये भिवंडी नाही, छान. मग पत्त्यातलं `?godown=TRB` खोडून `?godown=BHW` लिहिलं. भिवंडीचा सगळा रिपोर्ट समोर, पार्टीवार रकमांसकट! उलट बाजूनेही तेच. दारावर कुलूप, खिडकी सताड उघडी.

१२:०० देवनागरीत टाइप केलेली मार्गांची नावं एक्सेलमध्ये `à¤•` अशी कडबोळी होतात. तीच CSV नोटपॅडमध्ये नीट दिसते. फाइलच्या सुरुवातीला BOM नाही. रकमा `1,245,300` अशा. आपल्याकडे १२,४५,३०० लागतं. किरकोळ आहे, पण हिशेबनीस पहिला फोन यावरूनच करतील.

सापडलेलं, माझ्या क्रमाने

१. दुसऱ्या गोदामाचा डेटा URL बदलून दिसतो. हे थांबवल्याशिवाय बिल्ड पुढे जाऊ नये.
२. दिवस UTC प्रमाणे कापला जातो. महिना आणि आर्थिक वर्षाच्या सीमेवरच्या गाड्याही सरकतात.
३. टक्क्यांची सरासरी.
४. एक्स्पोर्टमधली देवनागरी, लाखाचे स्वल्पविराम.

वेळ: तयारी १५, टेस्टिंग ५५, बगच्या मागे ३५ मिनिटं. चार्टरबाहेर गेले ते ११:४० ला, पश्चात्ताप नाही.

राहिलं: रद्द झालेल्या फेऱ्या, एकाच ऑर्डरला दोन गाड्या लागल्यावर ऑर्डर दोनदा मोजली जाते का, आणि शून्य फेऱ्यांच्या दिवशी टक्केवारीच्या जागी काय दिसतं.

डीब्रीफ, १२:३०, लीडताईंबरोबर: क्र. २ वर डेव्हलपरचं म्हणणं, "स्पेकमध्ये टाइमझोन लिहिलेलाच नव्हता." खरं आहे, नव्हता. तरीही बगच ठरवला. दिवस गेटवरच्या घड्याळाप्रमाणे धरायचा, असं स्पेकमध्ये आजच घालायचं. क्र. १ ची दुरुस्ती उद्या संध्याकाळपर्यंत. गुरुवारी पुढचा चार्टर: दोन गाड्यांच्या ऑर्डरी, ताळ्याला भिवंडीचं रजिस्टर.