प्रसादसाठी रिटर्नचं टिपण

प्रसाद,

काल राखीला ताईबरोबर आलास तेव्हा जेवणाच्या गडबडीत बोलणं अर्धवट राहिलं. आयकर खात्याच्या सूचना लांबलचक आहेत. त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं काढून देतो. हे सगळं एप्रिल 2024 ते मार्च 2025 या वर्षाचं. पोर्टलवर 'असेसमेंट इयर 2025-26' निवडायचं. बारा लाखांपर्यंत कर नाही हे तू ऐकलंस ते पुढच्या वर्षाचं, यंदा लागू नाही.

आधी तुझी खरी अडचण. ऑगस्ट 2024 मध्ये तू सातपूरची नोकरी सोडून अंबडला लागलास, म्हणून तुझ्याकडे दोन फॉर्म 16 आहेत. पहिला 2,20,000 चा, दुसरा 6,24,000 चा. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या पगारातून 75,000 ची प्रमाणित वजावट दिली आणि कर शून्य काढला, कारण एकीला दुसरीचा पगार माहीत नव्हता. खरी बेरीज 8,44,000. त्यातून 75,000 एकदाच वजा होतात, राहिले 7,69,000. नव्या पद्धतीत सूट 7 लाखांपर्यंतच, म्हणजे सेससह 27,980 रुपये कर तुझ्या खिशातून जाणार. वर एप्रिलपासून महिन्याला एक टक्का व्याज चालू आहे, म्हणून हे काम सप्टेंबरवर ढकलू नकोस.

जुनी पद्धतही मांडून पाहिली. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं भाडं महिना 12,000, त्यावर घरभाड्याची सूट 1,01,800 बसते (नाशिक महानगरात मोडत नाही, त्यामुळे मूळ पगाराच्या 40 टक्क्यांचीच मर्यादा). प्रमाणित वजावट 50,000, व्यवसाय कर 2,500, पीएफ आणि विमा मिळून 80सी मध्ये एक लाख. एवढ्याने कर 31,660 येतो, म्हणजे नवीच बरी. पण ताई-दाजींच्या मेडिक्लेमचा 22,000 चा हप्ता तू भरतोस, तो 80डी मध्ये घातला की 27,080. नऊशे रुपयांचा फायदा. मात्र भाडं वर्षाला लाखावर असल्याने घरमालकाचा पॅन लागतो. तो कुरकुर करत असेल तर सोडून दे, नवीच पद्धत ठेव. बँकेचं व्याज मी अजून धरलेलं नाही.

फॉर्म कोणता? पगार, बँकेचं व्याज, एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत, म्हणून आयटीआर-1. पण गाडीसाठी तू फेब्रुवारीत इक्विटी फंडाचे युनिट विकलेस. एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याची तारीख वेगळी मोजतात आणि जुने युनिट आधी विकले असं धरतात. विकलेले सगळे वर्षापेक्षा जुने आणि नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर आयटीआर-1 चालतो. एखादा हप्ता जरी वर्षाच्या आतला निघाला तर आयटीआर-2. फंडाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट मागव, त्यात कळेल. फ्युचर-ऑप्शनमध्ये हात घातला असशील तर आत्ताच सांग, मग आयटीआर-3 लागतो.

कागद जमव: दोन्ही फॉर्म 16, पोर्टलवरून 26एएस आणि एआयएस, सगळ्या बँक खात्यांचं वर्षाचं स्टेटमेंट (ते विसरलेलं सातपूरचं पगार खातंही), कॅपिटल गेन स्टेटमेंट. जुनी पद्धत घेतलीस तर भाड्याच्या पावत्या, विम्याचे आणि मेडिक्लेमचे पॉलिसी क्रमांक. यंदा फॉर्ममध्ये हे तपशील विचारतात, नुसता आकडा टाकून भागत नाही. रिटर्नला यातलं काही जोडायचं नसतं, पण जपून ठेव. एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि लगेच जन्मतारीख आठ आकड्यांत. एआयएसमध्ये दिसतं आणि रिटर्नमध्ये नाही, अशा व्याजावरूनच बऱ्याचदा नोटीस येते.

तारखा: 31 जुलै होती, यंदा 15 सप्टेंबर 2025 केली आहे. ती चुकली तर 31 डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण तुझ्या उत्पन्नावर 5,000 विलंब शुल्क, आणि जुनी पद्धत निवडायची सोय जाते. भरल्यावर चूक सापडली तर दुरुस्तीही 31 डिसेंबरपर्यंतच.

क्रम असा: incometax.gov.in वर `e-Pay Tax` मधून आधी कर आणि व्याज भर (सेल्फ असेसमेंट, कोड 300), चलनाचा तपशील रिटर्नमध्ये येतोय ना बघ, मग सबमिट कर. त्यानंतर 30 दिवसांत ई-व्हेरिफिकेशन. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की झालं. इथेच बरेच जण थांबतात, आणि मग रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं. तुझा जुना नंबर बंद आहे, त्यामुळे आधारचा मोबाइल या आठवड्यातच बदलून घे.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन नाशिकरोडला ये, दुपारी चारनंतर. दोन्ही फॉर्म 16 छापून आण, मला स्क्रीनवर वाचवत नाही.

— मामा
10 ऑगस्ट 2025