आक्का, हे फॉरवर्ड नाही

आक्का,

पहाटेचे पाच वाजलेत. मुद्दाम लवकर उठून लिहितोय. तासाभरात तुझ्या फोनवर पतंग, सूर्यनारायण, हलव्याच्या वाट्या आणि "गोड गोड बोला" यांची रांग लागेल. यंदा सांगलीत उद्या महापालिकेचं मतदान आहे, त्यामुळे इथल्या नातेवाइकांच्या कृपेनं हात जोडलेले चार-सहा उमेदवारही त्यात येतील. त्या गर्दीत मला उभं राहायचं नाही. म्हणून आधी हे वाच, मग चहा टाक.

साठ वर्षं पूर्ण झाली, आक्का. वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा! तिळगुळाचं नंतर बघू.

तुझ्या वाढदिवसावर दरवर्षी संक्रांत येते, हे आपण हसत हसत बोलत आलो, पण ते जवळजवळ शब्दशः खरं आहे. 14 जानेवारी 1966 ला तू जन्मलीस. आई सांगायची, भोगीच्या बाजरीच्या भाकऱ्या थापतानाच तिला कळा सुरू झाल्या, आणि शेवटच्या दोन भाकऱ्यांना तीळ लावायचे राहिले ते राहिलेच. पहिला वाढदिवस म्हणून तुझा जो फोटो आहे, तो खरं तर बोरन्हाणाचा आहे. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर वाकडा झालेला मुकुट, आणि अंगावरून ओतलेले चुरमुरे, बोरं नि उसाचे करवे लुटायला तुटून पडलेली गावभागातली पोरं. त्यात तुझ्याकडे बघणारं कुणी नाही. तू मात्र रडायची सोडून एक बोर तोंडात घालते आहेस.

पुढंही तेच. तू ओवाळून घ्यायला पाटावर बसलीस की दारात सुगडं घेऊन बायका हजर. निरांजन तुझ्यापुढून उचललं जायचं ते थेट हळदीकुंकवाच्या ताटात. 2024 ला संक्रांत 15 तारखेला गेली, तेव्हा मी म्हटलं, चला, एकदा तरी 14 तारीख आक्काची. तर त्या दिवशी भोगी! फोन केला तेव्हा तू घेवडा, वांगी, गाजर, हरभरे मांडून भाजी चिरत बसली होतीस. आणि आज तर कहर आहे. संक्रांत आणि षट्तिला एकादशी एकाच दिवशी. म्हणजे साठाव्या वाढदिवसाला तुला साबुदाण्याची खिचडी.

आता जे एकोणपन्नास वर्षं पोटात ठेवलंय ते सांगतो.

आई गुळपोळ्या करताना तुझ्यासाठी एक पोळी वेगळी लाटायची, आठवतं? बशीएवढी. बाकीच्या पोळ्यांच्या कडा ती कातण्यानं कापायची, आणि तुझ्या पोळीला करंजीसारखी मुरड घालायची. "ही वाढदिवसाची." घरात केक वगैरे नव्हताच, तोच केक. 1977 साली ती पोळी मांजरानं नेली असं ठरलं होतं. मांजरानं नव्हे. मी आठ वर्षांचा होतो. फळीवरच्या पितळी डब्याआड ती ठेवलेली मला दिसली. माडीच्या जिन्याखाली बसून, तुपाशिवाय, कडेची मुरड आधी आणि मधला गूळ शेवटी, अशी मी ती खाल्ली. तू डबा हलवून बघितलास, मग माझ्या ओठाला लागलेली खसखस बघितलीस. काही बोलली नाहीस. बाहेर बायका आल्या होत्या आणि त्या दिवशी गोडच बोलायचं असतं ना! मला तेव्हा वाटलं, सुटलो. नंतर कधी सांगायचं धाडस झालं नाही, कारण तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं.

तर ती पोळी उधार आहे. काल दुपारी मी स्वतः लाटली. पहिल्या तीन फाटल्या, गूळ तव्यावर वाहून जळला, बायको स्वयंपाकघरात यायला तयार नव्हती. चौथी बरी झाली. गोल नाही, सातारा जिल्ह्याच्या नकाशासारखी आहे म्हण हवं तर. पण कडेला मुरड आहे.

आज तुला उपास, म्हणून आज येत नाही. उद्या सकाळी मतदान करून, बोटाला शाई लावून सातारची एसटी धरतो. किंक्रांतीला प्रवास करू नये असं तू म्हणशीलच. म्हण. दुपारी जेवायला पोचतोय. भाऊजींना सांग, स्टँडवर यायची गरज नाही. कंदी पेढे आणून ठेवू नका, माझी साखर वाढली आहे. लोणकढं तूप मात्र पातळ करून ठेव.

पोळी एकटी खा. मला तुकडाही देऊ नकोस.

तुझा,
बाळू