चिऊचं घर

चिऊचं घर जांभळ्या छपराचं आहे. भिंती पिवळ्या, दार लाल, खिडक्या अगदी कोपऱ्यांना चिकटलेल्या, आणि भिंतीतून आरपार दिसणारा जिना. दारापाशी ती स्वतः उभी आहे. हे सगळं मेणाच्या खडूंनी, इतकं दाबून काढलेलं की कागद मागून उठून आला होता.

माझ्या बहिणीची सायली आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. सुट्टीत आमच्याकडे आली तेव्हा तिनं ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, मी याचं रेंडर करते. खऱ्या घराचा फोटो वाटेल असं."

मला वाटलं, आता घर सरळ होणार, छप्पर विटकरी होणार, जिना भिंतीआड जाणार. पण सायलीनं आधी पट्टी घेतली. कागदावरची चिऊ सहा सेंटीमीटर, दार सात. मग खऱ्या चिऊला भिंतीला पाठ लावून उभं केलं : एकशे दहा सेंटीमीटर. त्या हिशेबानं दार निघालं एकशे अठ्ठावीस, म्हणजे सव्वाचार फूट. छपरासकट आख्खं दुमजली घर जेमतेम अकरा फुटांत.

"दार सात फुटी करायचं असतं ना?" मी विचारलं.

"आपल्यासाठी. हे तिचं घर आहे."

चिऊनं लगेच खुलासा केला, "मोठ्यांनी वाकून यायचं."

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये भिंती उभ्या राहिल्या तेव्हा कोपऱ्यातल्या खिडक्यांचा प्रश्न आला. कोपऱ्यात खांब नको, तर वरचा भार कुणी पेलायचा? सायलीला डच आर्किटेक्ट रीटव्हेल्टनं 1924 साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये बांधलेलं श्रोडर हाऊस आठवलं. तिथली कोपऱ्यातली खिडकी उघडली की कोपराच उरत नाही. तिनं छताला कोपऱ्यापासून आत खांब दिला, कडा पुढे मोकळी सोडली, आणि काच काचेला भिडवली. चिऊनं नकळत काढलेली खिडकी जशीच्या तशी राहिली. तज्ज्ञ माणसानं मुलाची रेघ पुसण्याऐवजी तिला आधार शोधून द्यावा, हे मला फार मोठं वाटलं.

जिन्याचं मात्र विचारावंच लागलं. "ही भिंत काचेची आहे का गं?"

"नाही. विटांची."

"मग जिना कसा दिसतो?"

"मला माहितीये ना आत जिना आहे!"

सायली हसली नाही. लहान मुलं डोळ्यांना दिसतं ते नाही, ठाऊक असतं ते काढतात, असं ल्यूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, हे तिनं मला नंतर सांगितलं. त्या वेळी तिनं फक्त ठरवलं की चित्रं दोन करायची. एकात विटांची भिंत पूर्ण, दुसऱ्यात तीच भिंत कापून आतला जिना दाखवलेला. आर्किटेक्टही सेक्शन काढतात तो असाच.

सगळ्यात जास्त वेळ सूर्यानं खाल्ला. कागदावर तो डाव्या कोपऱ्यात होता. पण सूर्य घराच्या मागे चित्रात दिसायला लागला की घराचं तोंड सावलीत जातं, आणि पिवळ्या भिंती राखाडी पडल्या. सायलीनं प्रकाशाची दिशा फिरवून पाहिली, आभाळ उजळवून पाहिलं. शेवटी चिऊला विचारलं, "सूर्य नक्की कुठं आहे?"

"तो घराकडे बघतोय."

म्हणजे आपल्या पाठीमागे. सायलीनं ऊन समोरून टाकलं आणि वरच्या डाव्या खिडकीच्या काचेत सूर्याचं प्रतिबिंब पाडलं. रंग मात्र स्कॅनमधूनच उचलले, छपराचा जांभळा अगदी तोच.

पूर्ण झालेलं चित्र उघडलं तेव्हा चिऊ स्क्रीनला नाक लावून बसली. विटांच्या सांध्यांत सावली होती, लाल दारावर लाकडाच्या रेषा होत्या. तिनं आधी दाराची कडी शोधली, मग काचेतल्या सूर्यावर बोट ठेवलं. "हा इथं लपलाय," ती मला म्हणाली, जणू तिनंच लपवला होता.

मग सायलीनं मॉडेल माउसनं गोल फिरवून दाखवलं. पिवळी भिंत गेली, बाजू गेली, आणि मागं नुसता कोरा राखाडी ठोकळा आला. चिऊ दचकली. "इथं काहीच नाही?"

"कागदावर मागची बाजू नव्हती. मला काय माहीत तुझ्या घरामागं काय आहे?"

चिऊनं स्क्रीनकडे पाहिलं, मग चित्राचा कागद उलटा केला आणि खडूंचा डबा ओढला. सायलीनं पट्टी पुढे घेतली. "मागचं दार किती उंच?"

"खूप," लाल खडू दाबत चिऊ म्हणाली. "हे आजीचं आहे. तिला वाकता येत नाही."