शुल्क वसुली व थकबाकीचा साप्ताहिक अहवाल : १० ते १५ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्राचार्य महोदय,

सप्ताहात ६,४२,३०० रुपये जमा झाले असून ही रक्कम मागील सप्ताहापेक्षा १,२३,६०० रुपयांनी अधिक आहे. यूपीआयने ३,९८,५००, रोखीने १,३८,८०० आणि धनादेश व धनाकर्षाने १,०५,००० रुपये आले. यूपीआयपैकी शनिवारी सायंकाळचे १२,००० रुपये बँकेच्या खात्यात सोमवारी दिसतील; उर्वरित पावत्या बँक विवरणाशी जुळल्या आहेत. मागील सप्ताहात स्वीकारलेला १५,००० रुपयांचा एक धनादेश अनादरित होऊन परत आला असल्याने ती रक्कम पुन्हा थकबाकीत धरली आहे.

सप्ताहाच्या आरंभी ३८,६४,५०० रुपये येणे होते. ते आता ३२,३७,२०० रुपये आहे. हा आकडा मोठा दिसत असला तरी तो संपूर्ण विद्यार्थ्यांकडील थकबाकी समजू नये, अशी विनंती आहे. त्यातील १४,७६,००० रुपये महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज केलेल्या १२३ विद्यार्थ्यांचे असून, ६२ विद्यार्थ्यांच्या ६,२०,००० रुपयांच्या हप्त्यांची मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत आहे. मुदत उलटलेली खरी थकबाकी १०६ विद्यार्थ्यांकडे, ११,४१,२०० रुपये इतकी आहे.

शिष्यवृत्तीच्या अर्जांपैकी १९ अर्ज आपल्याच महाविद्यालयाच्या लॉगिनवर पडताळणीसाठी पडून आहेत आणि १७ विद्यार्थ्यांचे बँक खाते आधारशी जोडलेले नाही. पहिल्या बाबतीत विलंब आपला आहे, विद्यार्थ्यांचा नाही. म्हणून ते अर्ज मंगळवारपर्यंत निकाली काढण्यासाठी एका लिपिकाची केवळ याच कामावर नेमणूक व्हावी. खाते जोडणीसाठी त्या १७ जणांना वर्गशिक्षकांमार्फत प्रत्यक्ष कळवावे, कारण सूचना फलक पाहिला जाईलच असे नाही.

मुदत उलटलेल्यांमध्ये काटोल व नरखेड तालुक्यांतील संत्रा उत्पादक कुटुंबांतील ४१ विद्यार्थी असून त्यांच्याकडे ४,३०,५०० रुपये आहेत. अंबिया बहाराची फळे सध्या तोडणीस आहेत आणि व्यापाऱ्याकडून पैसे हाती येताच भरणा करू, असे २८ पालकांनी लेखी दिले आहे. माझ्या मते त्यांना १५ डिसेंबरपर्यंत दोन हप्त्यांची सवलत द्यावी. मागील वर्षी अशाच मुदतीत बहुतेकांनी पूर्ण भरणा केला होता. उर्वरित ६५ विद्यार्थ्यांच्या पालकांना सोमवारी दूरध्वनी करून गुरुवारपर्यंत स्पीड पोस्टने स्मरणपत्र पाठविले जाईल.

परीक्षा अर्जांचे काम सुरू असताना थकबाकीदारांची यादी फलकावर लावू नये आणि शिष्यवृत्ती प्रलंबित असलेल्या कोणाचाही अर्ज शुल्कासाठी अडवू नये. गेल्या बुधवारी खिडकीवर एका विद्यार्थिनीला चुकून परत पाठविले गेले. तिचा अर्ज त्याच दिवशी स्वीकारला आणि तिची क्षमा मागितली.

हप्त्यांच्या सवलतीस व लिपिकाच्या नेमणुकीस सोमवारी सकाळी मंजुरी मिळावी.

आपला विश्वासू,
लेखापाल, शुल्क विभाग
नागपूर, १५ नोव्हेंबर २०२५