सही करणारा हात

तीन शब्दांवरून लिहिलेली कथा: काच, सही, मंगळवार

एकाच माणसाच्या दोन सह्या तंतोतंत जुळल्या, तर त्यातली निदान एक खोटी असते. आमच्या कामात शिकवतात ते पहिलं हेच. हात दर वेळी थोडा वेगळा चालतो. वेलांटी कधी उंच जाते, कधी आखूड राहते, दोन अक्षरांमधलं अंतर बदलतं. म्हणून एका सहीवर दुसरी ठेवून उजेडासमोर धरली आणि रेघेवर रेघ बसली, की मी सावध होते.

ती बाई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात एकच पत्र होतं. टाईप केलेलं, एका पानाचं, खाली निळ्या बॉलपेननं सही: ‘सुमती’. वर तारीख आणि वार, मंगळवार.

“ही माझ्या आईची सही नाही,” ती म्हणाली. “मला तुमच्याकडून ते लेखी हवंय.”

माझ्याकडे येणारे कागद बहुतेक घराचे, जमिनीचे, बँकेचे असतात. या पत्रात पैशाचा उल्लेखही नव्हता. आई मुलीला लिहीत होती की झालं ते झालं, मी बोलले ते बोलायला नको होतं, पाऊस थांबला की ये, घाई करू नकोस. मायलेकींचं सात वर्षं बोलणं नव्हतं. पत्र मिळालं तेव्हा मुलीनं सही बघितली, ती थरथरती आणि ओढूनताणून काढलेली वाटली, आणि तिनं ठरवलं की हे धाकट्या भावाचं काम आहे. दोघींना एकत्र आणण्यासाठी त्यानंच पत्र लिहिलं आणि त्यानंच सही ठोकली. ती गेली नाही. चार महिन्यांनी आई वारली.

“भाऊ डावखुरा आहे,” तिनं जाता जाता सांगितलं. “तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते.”

तुलनेसाठी तिनं एक पत्र्याचा डबा ठेवला. आई गेल्यावर भावानं तो तिच्याकडे पाठवला होता आणि तिनं तो नीट उघडूनही पाहिला नव्हता. आत जुनी पत्रं, पावत्या, एक शंभर पानी वही आणि शाळेला लिहिलेली रजेची एक चिठ्ठी: मुलीला ताप असल्यामुळे आज ती येऊ शकणार नाही. ताप सकाळीच उतरला असावा, कारण चिठ्ठी शाळेत गेलीच नव्हती. तीस वर्षं ती घरातच राहिली. खाली आईची सही.

पत्रातली सही मी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि मुलगी बरोबर आहे असं दहा मिनिटांत वाटायला लागलं. रेघ सगळीकडे सारख्या दाबाची होती. वेगात सही करणारा हात सुरुवातीला आणि शेवटी रेघ निमुळती सोडतो. इथे प्रत्येक टोक बोथट होतं. ‘म’च्या मध्यावर पेन उचलून पुन्हा टेकवलं होतं. ‘ती’च्या वेलांटीवर बारीक कंप होता. बघत बघत, सावकाश रेघ ओढणाऱ्याच्या हाताला येतो तसा. मग मी डब्यातल्या सह्या एकेक करून पत्रावर ठेवल्या. रजेच्या चिठ्ठीवरची सही अशी बसली की खालची रेघ दिसेनाशी झाली.

म्हणजे गिरवलेली. तीही खिडकीच्या काचेवर. चिठ्ठीचा कागद पातळ होता, पत्राचाही. चिठ्ठी काचेला लावायची, त्यावर पत्र धरायचं, बाहेरच्या उजेडात खालची अक्षरं दिसतात. बॉलपेन उभ्या काचेवर चालवलं की शाई टोकापर्यंत नीट उतरत नाही, रेघ मधेमधे कोरडी पडते. या सहीतला शेवटचा भाग तसाच होता: कागदावर खाच, आणि खाचेत शाई नाही.

खरं तर अहवाल इथेच लिहिता आला असता. पण रेघेची दिशा बघायची राहिली होती.

सुमतीबाई शिरोरेषा सगळ्यात शेवटी आणि एका झटक्यात काढत. डावीकडून उजवीकडे, आणि उजव्या टोकाशी खाली एक लहानशी आकडी. बॉलपेननं वळण घेतलं की शाईत केसासारख्या पांढऱ्या रेघा पडतात. त्या वळणाच्या आतल्या बाजूनं निघून बाहेरच्या बाजूला, पेन चाललं त्या दिशेनं सरकतात. तेवढ्यावरून पेन कुठून कुठे गेलं ते कळतं. चिठ्ठीतल्या सहीत आकडी शेवटी आली होती. पत्रातल्या सहीत पेन आकडीपासून निघालं होतं आणि शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढली होती.

आडवी रेघ उलटी ओढणारा हात बरेचदा डावा असतो. मुलीचं म्हणणं आणखी पक्कं झालं.

मी भावाला बोलावलं. तो लगेच आला, काही विचारलं नाही, समोर बसला आणि सांगेन ते लिहीत गेला. डाव्या हातानं, भरभर, सफाईदार. प्रत्येक शब्दावरची शिरोरेषा डावीकडून उजवीकडे. शाळेत शिकवली तशीच. मी त्याला सावकाश लिहायला लावलं, मग उभ्या फळ्यावर कागद लावून लिहायला लावलं. शिरोरेषा एकदाही उलटी आली नाही.

तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत होतं. गिरवताना माणूस दुसऱ्याचं वळण ओढत असतो, त्याच्या स्वतःच्या सवयी त्यात फारशा उतरत नाहीत. गिरवलेली सही कुणी केली हे बहुतेक वेळा सांगताच येत नाही. पण दिशा कुणी मुद्दाम बदलत नाही. नक्कल करणाऱ्याला आकार दिसतो, दिशा दिसत नाही. ती तो आपल्या सोयीनं घेतो.

तो गेल्यावर मी ती शंभर पानी वही उघडली. आईचे हिशेब असतील म्हणून मी ती बाजूला ठेवली होती. पहिल्या पानावर पेन्सिलीनं तिरक्या रेघा. चौथीतल्या मुलानंही याहून सरळ काढल्या असत्या. वर दुसऱ्या कुणाच्या तरी नीटस अक्षरात तारीख आणि ‘मंगळवार’. पुढच्या पानावर गोल, पुन्हा मंगळवार. मग काने, मात्रा. मग ‘ग म भ न’. अक्षरं एका आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात थोडी सरळ. प्रत्येक अक्षरावरची शिरोरेषा उजवीकडून डावीकडे.

मी पुन्हा रजेची चिठ्ठी घेतली, खोलीतला दिवा मालवला आणि बॅटरी टेबलाला जवळजवळ टेकवून कागदावर तिरका उजेड टाकला. अशा उजेडात खाचा सावली धरतात. चिठ्ठीतल्या जुन्या सहीच्या अंगानं दुसरी एक खाच गेली होती, शाईविना. वरच्या कागदावर पेन दाबून चालवल्यामुळे खालच्यावर उमटलेली. जिथे हात कापला होता, तिथे ती जुन्या रेघेपासून किंचित बाजूला गेली होती. वेलांटीवर तीन ठिकाणी. पत्रातल्या सहीत कंप होता तो याच तीन ठिकाणी.

आणि चिठ्ठीवर तसली खाच एकच नव्हती. एकावर एक अशा अनेक होत्या. पत्रापर्यंत पोचायच्या आधी तीच सही त्याच चिठ्ठीवरून कितीतरी वेळा गिरवली गेली होती.

वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर मंगळवारची तारीख होती, पत्रावर होती तीच. पानभर एकच शब्द: सुमती, सुमती, सुमती. कुठलाच चिठ्ठीतल्या सहीसारखा नव्हता. शिरोरेषा सगळ्या उलट्या, आणि टोकाची आकडी प्रत्येक वेळी आधी काढलेली.

दोघांनाही मी एकाच वेळी बोलावलं. तसं मी सहसा करत नाही.

“सही गिरवलेली आहे,” मी म्हटलं. “नवशिक्या डाव्या हातानं, काचेवर.” बहिणीनं भावाकडे पाहिलं. मी वही तिच्यासमोर सरकवली. “हा हात या वहीतला आहे असं माझं मत आहे. ही वही कुणाची, ते तुमचे भाऊ सांगतील.”

तिनं पानं उलटली. बराच वेळ उलटत राहिली.

“उजवा हात गेला होता तिचा,” भाऊ म्हणाला. “पायही. ताई, तुला सांगायचं नाही म्हणून तिनं मला शपथ घातली होती. मंगळवारी फिजिओथेरपिस्ट यायचे, तेच तेवढे तिला उभं करू शकायचे. खिडकीपाशी. एका बाजूनं त्यांनी धरायचं, मी काचेवर कागद धरायचा. माझ्याच्यानं एकट्यानं ती उभी राहायची नाही. म्हणून आठवड्यात एकच दिवस.”

“टाईप केलेलं पत्र होतं. वेडीवाकडी सही केली असती तरी चाललं असतं. अंगठा उमटवला असता.”

“मी तेच म्हणालो. तर म्हणाली, अशी सही बघून ती रडत येईल. मला ती रागावलेली आली तरी चालेल, पण कीव करत यायला नको. सही आधीसारखीच दिसली पाहिजे, म्हणजे मी धडधाकट आहे असं तिला वाटेल.”

बहिणीनं रजेची चिठ्ठी हातात घेतली. “मग हीच का? बाकीही सह्या होत्या ना.”

“कागद पातळ होता म्हणून,” तो म्हणाला, आणि थांबला. “आणखी काही असेल तर तिनं मला नाही सांगितलं.”

तिनं मला विचारलं, अहवालात काय लिहाल. मी वाचून दाखवलं: वादग्रस्त सही जुन्या सहीवरून गिरवलेली आहे, उपलब्ध नमुन्यांवरून ती स्वतः सुमतीबाईंनी डाव्या हातानं केलेली असण्याला भक्कम आधार मिळतो. आमच्या भाषेत यापेक्षा पुढे जाता येत नाही. तिनं मान हलवली. कागदाकडे हात मात्र नेला नाही.

“मला थरथर दिसली होती,” ती म्हणाली. “मी तिची सही ओळखते. मला दिसली होती ती.”

कुणीच बोललं नाही. मग तिनं पत्र उलगडून भावापुढे धरलं.

“यातलं तिचं कुठलं आणि तुझं कुठलं?”

“सगळं तिचं. मी फक्त टाईप केलं.” त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे तेवढं मी काढायला सांगत होतो. दोनदा काढून टाकलंही होतं. तिनं दोन्ही वेळा परत घालायला लावलं.”

त्याचं बोट ‘घाई करू नकोस’वर होतं.

“मी का काढत होतो, ते तिला कळत होतं,” तो म्हणाला. “डॉक्टर बोलले तेव्हा ती तिथेच होती.”