पुढच्या शिपमेंटसोबत टेस्ट रिपोर्ट आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन पाठवा

नमस्कार दादा,

सांगलीहून हळद पावडरचे जे 4 टन न्हावाशेवावरून जेबेल अलीला येणारेत त्याबद्दल लिहितोय. माल पॅक व्हायच्या आधीच सांगतोय, म्हणजे धावपळ नको. यावेळी इथल्या कस्टमरला प्रत्येक बॅचचे टेस्ट रिपोर्ट हवेत, लॅब एनएबीएल मान्यतेची पाहिजे आणि रिपोर्टवर बॅच नंबर असायला हवा, नुसतं 'हळद पावडर सॅम्पल' असं लिहिलेलं चालणार नाही, कारण मग तो कागद याच मालाचा आहे हे मी कसं दाखवणार?

कर्क्युमिन, मॉइश्चर, साल्मोनेला, अफ्लाटॉक्सिन, कीटकनाशकांचे अंश आणि शिसं एवढं सगळं तपासून घ्या. शिशाचं तर नक्कीच, रंग खुलवायला लेड क्रोमेट मिसळतात म्हणून हळदीकडे सगळीकडे संशयाने बघतात, आणि हे लहान मुलांच्या पोटात जाणारं आहे, यात मला तडजोड नकोच. तुमचा माल चांगला आहे, पण तो कागदावरही दिसू दे.

दुसरं, भारत-यूएई सेपाखालचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, ते डीजीएफटीच्या पोर्टलवरून काढावं लागतं. त्यातला एचएस कोड, वजन, इनव्हॉइस नंबर हे इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टशी तंतोतंत जुळू द्या.

सगळ्याची स्कॅन कॉपी कंटेनर लोड व्हायच्या आधी मेल करा, मी बघून ओके देतो, मगच माल निघू दे. लॅबचा जास्तीचा खर्च झाला तर इनव्हॉइसमध्ये वेगळा लावा, मी देईन. सॅम्पल कधी पाठवताय तेवढं आज कळवा.